कडुनिंबाचा धूर, स्लॅबचं घर आणि लेकराची छाती

प्रश्न: डॉक्टर, माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. दिवस बुडाला की सासूबाई घमेल्यात नारळाच्या शेंड्या अन् कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकून, दार लावून घरात धूर करतात. पोरगा रात्रभर खोकलतो, छातीत सूं-सूं वाजते. सासूबाई म्हणतात, कडुनिंब औषधी आहे, जुन्या घरात याच धुरात माझी चार लेकरं वाढली. धूर बंद केला तर डास फोडून खातात. काय करावं?

उत्तर:

ताई, घरातला धूर आजपासून बंद करा. डासांसाठी काय करायचं ते पुढे सांगतो. पण आधी सासूबाईंच्या म्हणण्याकडे वळतो, कारण त्या खोटं बोलत नाहीत. त्यांची चार लेकरं त्या धुरात वाढली, हे मी मान्य करतो. मी स्वतः अशाच घरात वाढलो. मधल्या काळात पाला बदलला नाही, घर बदललं.

जुनं घर आठवून पाहा. मातीच्या भिंती, वर कवेलू. कवेलूच्या फटींतून पावसाळ्यात पाणी गळायचं, तसा वर्षभर धूरही निघून जायचा. दार लाकडी, त्याच्या खाली वितभर सांद. आता घरकुल झालं, वर स्लॅब आला, एक लोखंडी दार, एक-दोन लहान खिडक्या, अन् त्याही डासांच्या भीतीने दिवस बुडताच लावलेल्या. उन्हापावसाला हे घर चांगलं आहे. पण त्यात जुन्या घराइतकाच पाला जाळला तर धुराला वाट उरत नाही.

याचा ढोबळ हिशोब करून पाहू. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोली म्हणजे साधारण २८ घनमीटर हवा. घमेल्यात १०० ग्रॅम पाला टाकला, म्हणजे दोन-तीन मुठी. पाला ज्वाळेने जळत नाही, धुमसतो, आणि धुमसण्यातून बारीक कण जास्त निघतात. एक किलो पाल्यामागे ५ ग्रॅम बारीक कण धरले, तरी १०० ग्रॅममधून अर्धा ग्रॅम निघतो. ऐकायला अर्धा ग्रॅम म्हणजे काहीच नाही. पण तो २८ घनमीटरमध्ये पसरला तर एका घनमीटरला जवळजवळ १८,००० मायक्रोग्रॅम होतात. आपल्या देशाची चोवीस तासांची मर्यादा ६० आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली १५. समजा, त्यातले नऊ भाग लगेच बाहेर गेले आणि एकच भाग खोलीत राहिला. तरी ते १,८०० होतात, आपल्या मर्यादेच्या तीसपट.

आता हे कण खोलीत किती वेळ राहतात ते बघा. कवेलूच्या घरात दार उघडं असलं तर तासाभरात हवा दहा वेळा बदलली असं धरा. मग पाव तासात धूर दहाव्या भागावर येतो. दारं-खिडक्या लावलेल्या स्लॅबच्या खोलीत तासाला जेमतेम एकदा हवा बदलते, तिथे तेवढ्याच उतारासाठी सव्वादोन तास लागतात. सासूबाईंची लेकरं त्या धुरात पंधरा-वीस मिनिटं असायची. तुमचा मुलगा त्यातच जेवतो आणि त्यातच झोपतो.

लोक मला सांगतात, "धूर विरला की मगच लेकरांना आत घेतो." पण डोळ्यांना धूर दिसेनासा होतो तेव्हा फक्त दाट भाग संपलेला असतो. एक साधी परीक्षा करा. लाइट बंद करून मोबाइलचा टॉर्च खोलीत आडवा धरा. हवेत झोताचा पट्टा स्पष्ट दिसला तर कण अजून भरपूर आहेत, लेकराला आत नेऊ नका. पट्टा दिसला नाही म्हणजे हवा स्वच्छ आहे, असा उलटा अर्थ मात्र काढू नका. ही परीक्षा फक्त जास्त घाण पकडते.

कडुनिंब औषधी आहे, याबद्दल वाद नाही. पण त्याचे कीटकांविरुद्धचे मुख्य द्रव्य, अझाडिरॅक्टिन, प्रामुख्याने निंबोळीच्या बीत असते आणि उष्णतेने मोडते. पाला जळाला की त्यातून निघते तेच जे कोणत्याही पाल्यातून, पऱ्हाटीतून, तुराटीतून निघते: काजळीचे बारीक कण, कार्बन मोनॉक्साइड, आणि डोळ्यांत झोंबणारे फॉर्माल्डिहाइड व अॅक्रोलिनसारखे वायू. नारळाच्या शेंडीचंही तेच. आपल्याकडे विदर्भात नारळाची बाग नाही, देवळातल्या आणि किराणा दुकानातल्या शेंड्या जपून ठेवतात, कारण त्या तासन्‌तास धुमसत राहतात. हा त्यांचा गुण वाटतो, पण लेकराच्या खोलीत तोच दोष आहे. कित्येक घरांत जास्त धूर व्हावा म्हणून पाला मुद्दाम थोडा ओला करून टाकतात. त्याने कण आणखी वाढतात.

मोठ्या माणसाला त्याच धुरात थोडा खोकला येतो आणि लेकराची छाती वाजते, याचं कारण नळ्यांच्या रुंदीत आहे. लेकराच्या फुफ्फुसातल्या बारीक नळ्या आधीच अरुंद असतात. धुराने आतून सूज आली, चिकट कफ साचला, आणि नळी निम्मी झाली, तर तेवढीच हवा ओढायला सोळापट जोर लागतो. ती सूं-सूं म्हणजे त्या अरुंद नळीतून हवा जाण्याचा आवाज. शिवाय लेकरू आपल्यापेक्षा भरभर श्वास घेतं, म्हणजे वजनाच्या मानाने त्याच्या छातीत धूर जास्त जातो. नळ्यांना आतून केसांसारखे बारीक झाडू असतात, ते कफ आणि जंतू वर ढकलत असतात. धुराने ते मंदावतात आणि साध्या सर्दीचा मग न्यूमोनिया होतो. घरातल्या धुरामुळे पाच वर्षांखालच्या मुलांना न्यूमोनिया होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट होतो. ही गोष्ट मुख्यतः चुलीच्या धुराच्या अभ्यासांवरून सांगितली जाते, पण डासांसाठीचा धूर वेगळ्या जातीचा नसतो. आणि हवेच्या बारीक पिशव्या, ज्यांत प्राणवायू रक्तात मिसळतो, त्या बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांतच तयार होतात. तुमचा मुलगा नेमका त्याच वयात आहे.

एक घर सांगतो. पुसद तालुक्यातल्या एका गावातली वीस महिन्यांची मुलगी एका पावसाळ्यात माझ्याकडे चार वेळा आली. दरवेळी धाप आणि छातीत आवाज. नेब्युलायझर दिला की दोन दिवसांत बरी व्हायची आणि आठ-दहा दिवसांत परत यायची. मी तीन वेळा औषध बदललं. चौथ्या वेळी तिच्या आईला विचारलं, "घरी गेल्यावर किती दिवसांनी चालू होतं?" ती म्हणाली, "दुसऱ्याच रात्री." मग मी दिवसाचा तासातासाचा क्रम विचारला आणि धुराची गोष्ट निघाली. हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. आम्ही डॉक्टर लोक चुलीबद्दल विचारतो, घरात कोणी बिडी ओढतं का ते विचारतो, पण संध्याकाळच्या धुराबद्दल विचारत नाही, आणि घरच्यांना तो धूर वाटतच नाही, देवाच्या दिव्यासारखा रोजचा वाटतो.

पुढच्या आठवड्यात त्या गावात आरोग्य शिबिर होतं, तेव्हा संध्याकाळी मी त्यांच्या घरी थांबलो. आजीने घमेल्यात तळाशी गोवरीचे निखारे ठेवले, त्यावर शेंड्या, वरून पाला. घमेलं खोलीच्या मधोमध, दार बंद. आम्ही सगळे ओसरीत बसलो. अर्ध्या तासाने आजीने घमेलं भिंतीशी सरकवलं आणि नातीला आत नेऊन गोधडीवर निजवलं. जमिनीवर, घमेल्यापासून चार हातांवर. शेंड्या तेव्हाही लाल होत्या. मी टॉर्च लावला आणि आजींना झोत दाखवला. त्या बराच वेळ त्या पट्ट्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढं आतमंदी हाय?" त्यानंतर मला जास्त बोलावं लागलं नाही.

आम्ही धूर बंद केला नाही, त्याची जागा बदलली. घमेलं गोठ्यात गेलं, कारण जनावरांनाही डास-माशा त्रास देतातच. पण गोठा घराच्या मागे होता आणि वाऱ्याने धूर घराकडे येत नव्हता, ही गोष्ट आधी पाहिली. खिडक्यांना जाळी बसली. आईने एका वहीत रोज रात्री मुलगी किती वेळा खोकल्याने जागी झाली, ते लिहिलं. पहिल्या आठवड्यात पाच-सहा वेळा, तिसऱ्या आठवड्यात एखाद वेळा. सहा आठवड्यांत तिला एकदाही धाप लागून आणावं लागलं नाही. एकदा सर्दी झाली तेव्हा छाती थोडी वाजली, पण घरीच सावरली. मी हे जास्त मोठं करून सांगणार नाही. त्याच काळात पावसाळाही सरत होता, आणि ओसरीतल्या चुलीत पऱ्हाटी जळतच होती, म्हणून खोकला पूर्ण गेला नाही. पण तुम्हीही दोन-तीन आठवडे अशीच वही ठेवा. धूर थांबवूनही रात्री तशाच राहिल्या तर कारण दुसरं असू शकतं: दमा, क्षयरोग, किंवा शेंगदाणा-फुटाण्यासारखं काही श्वासनळीत अडकलेलं. तेव्हा मुलाला तपासायला हवं. औषधांच्या दुकानातून खोकल्याचं सिरप आणि अँटिबायोटिक आणून वेळ घालवू नका.

आता डासांचं. धुराने डास पळतात हे खरं आहे, पण तेवढ्यापुरतंच. धुरात डासाला माणसाचा वास नीट येत नाही, म्हणून तो दूर राहतो, मरत नाही. धूर सरला की परत येतो. मलेरियाचा अॅनॉफिलिस रात्री चावतो, हत्तीरोगाचा क्युलेक्स मध्यरात्रीच्या आसपास जोरात असतो, डेंग्यूचा एडिस तर दिवसा चावतो. तुम्ही धूर करता सात वाजता. म्हणजे लेकराच्या छातीला त्रास होतो तो सगळा होतो, आणि बारा-एक वाजता, जेव्हा राखण हवी, तेव्हा काहीच नसतं. रात्रभर राखण करणारी वस्तू मच्छरदाणीच आहे. गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या भागात आरोग्य खातं कीटकनाशक भारित मच्छरदाण्या वाटतं. तुमच्या गावात मिळतात का, ते आशाताईला विचारा. नवी दाणी पहिल्यांदा एक दिवस सावलीत पसरून ठेवायची, मग वापरायची. साध्या साबणाने हलकी धुवायची, उन्हात वाळवायची नाही. अशी दाणी साधारण वीस धुण्यांपर्यंत, म्हणजे तीनेक वर्षं काम देते.

दाणी असूनही डास चावतात, अशी तक्रार बरेचदा ऐकतो. त्याचं कारण मला दोनच ठिकाणी सापडलं. एक, लेकरू झोपेत कडेला सरकतं आणि हात जाळीला टेकतो, तिथून डास चावतो. त्याला मधोमध निजवा, कडेने गुंडाळलेली गोधडी ठेवा. दुसरं, सुतळीची बाज. दाणी बाजेच्या कडांवर सोडली, पण खालून सुतळीच्या जाळीतून डासाला मोकळी वाट असते. बाजेवर आधी जाड सतरंजी किंवा गोधडी पसरा आणि दाणीची कड त्या गोधडीखाली खोचा. जमिनीवर निजत असाल तर चटईखाली खोचा.

मुलगा दाणीत जाईपर्यंतचे दोन तास अवघड असतात. डास आत शिरतात ते दिवस बुडताना, म्हणून दार आणि बिनजाळीच्या खिडक्या त्याच्या अर्धा तास आधी लावा आणि जाळीच्या खिडक्या उघड्या ठेवा. मुलाला पूर्ण बाह्यांचं पातळ सुती घाला. पंखा असला तर त्याचा झोत त्याच्यावर राहू द्या, डासाला वाऱ्यात नीट उडता येत नाही. धुराऐवजी कॉइल लावू नका. २००३ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात एक कॉइल पूर्ण जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण सोडते, असं दिसलं होतं. आणि निंबोळीचं तेल लहान मुलाच्या पोटात कधीही जाऊ देऊ नका. घरगुती औषध म्हणून थेंब पाजल्यावर झटके आणि बेशुद्धी आलेल्या मुलांच्या नोंदी आहेत.

आणखी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिली बाळंतिणीच्या खोलीची. बाळंतपणानंतर बाजेखाली शेगडी ठेवून शेक आणि ओव्या-शोपाची धुरी द्यायची पद्धत आपल्याकडे आहे, आणि पावसाळ्यात त्याच शेगडीत डासांसाठी शेंडी टाकतात. शेंडीचा धूर संपून नुसता लाल निखारा उरला की वाटतं, आता धोका गेला. खरं तर तेव्हाही कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो, त्याला ना रंग ना वास. आई म्हणते डोकं दुखतंय, मळमळतंय, बाळ सुस्त पडलंय, दूध ओढत नाही. असं झालं तर कारण शोधत बसू नका, दोघांना आधी मोकळ्या हवेत आणा, मग दवाखान्यात न्या आणि खोलीत निखारा होता हे डॉक्टरला सांगा. ते सांगणं गरजेचं आहे, कारण बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळी आकडा चांगलाच दाखवतं. त्याला प्राणवायूने भरलेलं रक्त आणि या विषारी वायूने भरलेलं रक्त यातला फरक कळत नाही. निखाऱ्यांची शेगडी रात्री बंद खोलीत ठेवूच नये.

दुसरी सिकलसेलची. आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. अशा मुलाच्या छातीत संसर्ग झाला किंवा प्राणवायू कमी पडला तर रक्तपेशी फुफ्फुसातच अडकतात, छातीत कळ येते आणि काही तासांत प्रकृती बिघडू शकते. तंबाखूचा धूर अंगावर घेणाऱ्या सिकलसेलच्या मुलांत हा त्रास जास्त दिसला आहे. पाल्याच्या धुराला मी त्याहून कमी धोक्याचा मानत नाही. तुमच्या मुलाची सिकलसेल तपासणी झाली नसेल तर करून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात साधी चाचणी होते, ती पॉझिटिव्ह आली तर पुढची रक्ततपासणी.

सासूबाईंना हे सांगताना "तुमच्या धुराने पोरगा आजारी पडला" असं नका म्हणू. त्या नातवाच्या भल्यासाठीच करत होत्या. टॉर्चचा झोत त्यांना स्वतःला पाहू द्या, आणि घमेलं गोठ्यात त्यांनाच न्यायला सांगा.

मुलगा झोपलेला किंवा शांत असताना त्याची छाती-पोट किती वेळा वर होते, ते घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. अर्ध्या मिनिटाचं दुप्पट करू नका, लहान मुलांचा श्वास सारखा नसतो. एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या बाळात ५० किंवा जास्त, दोन महिन्यांखालच्या बाळात ६० किंवा जास्त आले, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल कण्हत असेल, पाणी-दूध घेत नसेल, किंवा ओठ निळे दिसत असतील, तर रात्री दोन वाजले तरी उजाडायची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत त्याला आडवं न निजवता मांडीवर बसवून, डोकं जरासं वर ठेवून, दार उघडं ठेवून बसा.